एकतीस तारीख नसलेले महिने

वर्षातले 358 दिवस पास होणारी आणि उरलेले 7 दिवस नापास होणारी एक टेस्ट आमच्या कोडमध्ये होती. लीप वर्षात हाच हिशेब 360 ला 6 असा होतो. एवढेच दिवस पडते म्हटल्यावर टेस्ट तशी बरोबरच आहे, कुठेतरी किरकोळ खोट असेल, असं कुणालाही वाटेल. मला मात्र तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्या सात दिवसांमुळेच. कारण आमच्या कोडबद्दलचं खरं ती फक्त त्या सात दिवशी सांगत होती. बाकीचे 358 दिवस ती आमची समजूत घालत होती.

आमची कंपनी लहान आहे, पणजीला पाटोवर. आम्ही क्रेडिट सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कर्जखाती, मुदत ठेवी, पिग्मी, महिनाअखेरची थकबाकी यादी, असं सगळं त्यात येतं. काम दिसायला रुक्ष आहे. पण या धंद्यात तारीख चुकली की कुणाच्या तरी खात्यात पैसे चुकतात, आणि ज्याचे चुकतात तो काउंटरवर येऊन उभा राहतो. म्हणून आम्ही तारखांच्या कोडवर टेस्ट लिहितो. जे प्रोग्रामर नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या एका छोट्या तुकड्याला विचारलेला प्रश्न आणि त्याचं अपेक्षित उत्तर. उत्तर जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. कोडमध्ये कुणीही बदल केला की सर्व्हर या सगळ्या टेस्ट चालवतो, शिवाय रोज रात्री दोन वाजता एकदा सगळ्या चालतात.

कर्जाचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेला, हे ठरवणारा तुकडा असा होता:

```js
function nextDueDate(from) {
  const d = new Date(from);
  d.setMonth(d.getMonth() + 1);
  return d;
}
```

आणि त्याची टेस्ट अशी:

```js
test('next due date falls in next month', () => {
  const today = new Date();
  const due = nextDueDate(today);
  expect(due.getMonth()).toBe((today.getMonth() + 1) % 12);
});
```

वाचायला अगदी सरळ आहे. आजची तारीख घे, पुढच्या हप्त्याची तारीख काढ आणि ती पुढच्या महिन्यात आहे ना ते बघ. कोड तपासणाऱ्या माणसाला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. `new Date()` या दोन शब्दांत सगळा घोळ आहे, पण ते शब्द इतके रोजचे आहेत की नजर त्यांच्यावरून घसरून जाते. त्या दोन शब्दांमुळे ही टेस्ट रोज वेगळा प्रश्न विचारत होती. दहा तारखेला ती दहा तारखेबद्दल विचारायची, अकराला अकराबद्दल. तिचं नाव तेच राहायचं, रंगही बहुतेक वेळा तोच असायचा, म्हणून प्रश्न बदलतोय हे कुणाला जाणवत नव्हतं.

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. आमच्यातल्या एकीने पावतीच्या छपाईत समासाचा बदल केला आणि हप्त्याची टेस्ट लाल झाली. पावतीच्या समासाचा आणि हप्त्याच्या तारखेचा काडीचा संबंध नाही. तिने टेस्ट परत चालवली, लाल. आणखी एकदा चालवली, तरी लाल. स्क्रीनवर ओळी दोनच होत्या:

```
Expected: 10
Received: 11
```

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे 10 म्हणजे नोव्हेंबर आणि 11 म्हणजे डिसेंबर. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी कर्ज घेतलेल्या माणसाचा पहिला हप्ता कोड थेट डिसेंबरात टाकत होता.

सोमवारी, 3 नोव्हेंबरला, कुणी काहीही न बदलता तीच टेस्ट हिरवी झाली.

या जागी बहुतेक ठिकाणी विषय संपतो. "फ्लेकी आहे, सोडून दे," म्हणतात. फ्लेकी म्हणजे कधी पास, कधी नापास, लहर लागेल तसं. मला या शब्दाचा राग आहे, कारण तो एकदा उच्चारला की पुढे कुणी बघत नाही. खरोखर लहरी टेस्ट असतात. नेटवर्क अडखळलं किंवा दोन कामं एकाच वेळी एका फाइलवर तुटून पडली की टेस्ट पडते आणि पाच मिनिटांनी परत चालवली तर पास होते. तारखेवर अडकलेली टेस्ट तशी वागत नाही. ती त्या दिवशी शंभर वेळा चालवली तर शंभर वेळा पडते आणि दुसऱ्या दिवशी शंभर वेळा पास होते. त्यामुळे लाल टेस्ट लगेच परत चालवून बघणं वाया जात नाही, फक्त निकाल नीट वाचायला हवा. त्याच दिवशी पुन्हा पडली आणि नंतर आपोआप बरी झाली, तर लहर वगैरे विसरा आणि कॅलेंडर उघडा.

मी सर्व्हरचा जुना लॉग उघडला. टेस्ट एप्रिलमध्ये लिहिलेली होती. तेव्हापासून ती कधी कधी लाल झाली ते शोधलं, तेव्हा रात्रीच्या धावांमध्ये तीन तारखा मिळाल्या: 1 जून, 1 सप्टेंबर आणि ही आताची 1 नोव्हेंबर. दिवसाच्या लाल धावा मात्र एकाच तारखेच्या होत्या, 31 ऑक्टोबरच्या.

हे बघून मी बराच वेळ चक्रावले. दिवसा टेस्ट पडते ती एकतीस तारखेला आणि रात्री पडते ती पहिल्या तारखेला? शिवाय 31 ऑक्टोबरलाच पहाटे दोन वाजता ती पास झालेली दिसत होती. उत्तर सर्व्हरच्या घड्याळात होतं. आमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपल्याकडे 1 नोव्हेंबरचे पहाटेचे दोन वाजलेले असतात तेव्हा सर्व्हरच्या लेखी 31 ऑक्टोबरची रात्र असते, साडेआठची. आणि आपल्या 31 तारखेच्या पहाटे दोनला त्याच्याकडे अजून 30 तारीखच चालू असते. आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर कालच्या दिवसात असतो. म्हणजे सगळ्याच लाल धावा खऱ्या अर्थाने एकतीस तारखेच्याच होत्या.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. "महिनाअखेरीला पडते" असं सगळे म्हणत होते, पण 30 जूनला ती पडली नव्हती, 31 जुलैला नाही, 30 सप्टेंबरलाही नाही. पडली ती फक्त मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या शेवटी. या तिन्ही महिन्यांना एकतीस दिवस आहेत आणि तिघांच्या पुढचा महिना तीस दिवसांचा आहे. जुलैच्या पुढे ऑगस्ट येतो, त्याला एकतीस दिवस आहेत, म्हणून जुलै सुटला. डिसेंबरही असाच सुटतो, पुढे जानेवारी आहे म्हणून.

कोड काय करतो ते आता सरळ दिसतं. `setMonth` फक्त महिन्याचा आकडा बदलतो, तारखेला हात लावत नाही. 31 ऑक्टोबरचा महिना बदलला की 31 नोव्हेंबर होतं. असा दिवस नाही. पण जावास्क्रिप्ट "असा दिवस नाही" म्हणून थांबत नाही. तीस दिवसांचा नोव्हेंबर संपवून जो एक दिवस उरतो तो पुढच्या महिन्यात टाकते आणि 1 डिसेंबर हातात देते. जानेवारीत हे सगळ्यात वाईट होतं. साध्या वर्षात 29, 30 आणि 31 जानेवारी अनुक्रमे 1, 2 आणि 3 मार्चवर जाऊन पडतात. हे तीन दिवस, आणि मार्च, मे, ऑगस्ट, ऑक्टोबरची एकतीस तारीख, मिळून सात. लीप वर्षात 29 जानेवारी वाचते, म्हणून सहा.

या सात दिवसांत सुट्टीचे वजा केले तर आणखीच थोडे उरतात. 2025 सालची 31 मे शनिवारी होती. 31 ऑगस्ट रविवारी होती, आणि 27 ऑगस्टला चवथ असल्याने तो पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाचा दिवस. त्या आठवड्यात गोव्यात कुठल्या ऑफिसात कोण असतं? रात्रीच्या धावेचा लाल निकाल मेलमध्ये येऊन पडला होता. लोक गावाहून परतून मेल वाचेपर्यंत टेस्ट हिरवी झालेली होती. एप्रिल ते ऑक्टोबर हा दोष लपून राहिला त्यात निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. त्या मधल्या काळात माणूस कामावर असताना टेस्ट पडेल असा दिवसच आला नाही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशी टेस्ट सापडली की ती दुरुस्त कशी करायची याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: टेस्टमधून आजची तारीख काढा आणि ठरावीक तारीख द्या. उत्तर बरोबर आहे. पण ठरावीक तारीख कोणती? हात आपोआप महिन्याच्या मध्याकडे जातो. `new Date()` च्या जागी `new Date(2025, 9, 15)` लिहिलं की टेस्ट कायमची हिरवी, आज, उद्या, एकतीसलाही. सगळे खूश. आणि कोड पूर्वीइतकाच चुकीचा! फरक एवढाच की वर्षातून सात दिवस जी तक्रार ऐकू येत होती तीही आता बंद. आमच्याकडे हा बदल खरंच सुचवला गेला होता, एका ओळीचा, अगदी नीटनेटका. मी तो थांबवायला लावला. टेस्टमध्ये दोष होता हे खरं. तिने घड्याळाकडे बघायला नको होतं. पण घड्याळाकडे बघत होती म्हणूनच तिला कधीतरी एकतीस तारीख दिसली. आधी तिला दिसलेलं टिपून घ्यायचं आणि मगच तिची नजर घड्याळावरून काढायची, हा क्रम उलटा करून चालत नाही.

आणखी एक मार्ग याहूनही फसवा आहे. टेस्टमधलं अपेक्षित उत्तर कोडसारखंच काढायचं, म्हणजे तिथेही `setMonth` वापरायचं. मग दोन्हीकडे एकच चूक होते, दोन्ही उत्तरं जुळतात आणि टेस्ट कोणत्याही तारखेला पडत नाही. आमची टेस्ट पडली कारण ज्याने ती लिहिली त्याने महिना बोटांवर मोजल्यासारखा मोजला, आहे त्यात एक मिळवून, कोडची नक्कल न करता. तेवढ्या वेगळेपणामुळे चूक उघडी पडली. त्या सहकाऱ्याचे मी मनापासून आभार मानते.

बरं, कोड चुकीचा आहे हे कळलं, पण बरोबर काय? 31 ऑक्टोबरला घेतलेल्या कर्जाचा एक महिन्यानंतरचा हप्ता कधी? 30 नोव्हेंबर की 1 डिसेंबर? याचं उत्तर कोणत्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात नाही, आणि भाषांचंही आपसात एकमत नाही. जावाचं `plusMonths` आणि पोस्टग्रेसमधलं `interval '1 month'` महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबतात, 30 नोव्हेंबर देतात. पीएचपीचं `+1 month` आणि एसक्यूलाइट जावास्क्रिप्टसारखेच पुढे सरकतात. पायथनमध्ये `replace(month=11)` लिहिलं तर ते सरळ एरर देऊन थांबतं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. म्हणजे सदस्याला स्क्रीनवर 1 डिसेंबर दिसली असती आणि डेटाबेसमधून निघणाऱ्या थकबाकीच्या यादीत तोच हप्ता 30 नोव्हेंबरचा धरला गेला असता. हप्ता चुकला नाही तरी माणूस थकबाकीदार. नशिबाने हा भाग अजून कुठल्याच सोसायटीत बसवला नव्हता.

म्हणून मी फोंड्याला गेले, ज्या सोसायटीत हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसायचं होतं तिथे. मॅनेजर निवृत्तीला आलेले, वहीखात्यांच्या काळापासूनचे. मी कागदावर लिहून नेलं होतं: कर्ज 31 जानेवारी, दोन लाख, 12 टक्के, पहिला हप्ता कधी? त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बाय, फेब्रुवारी अखेर. यात विचारायचं काय?"

मी आमचा कोड काय सांगतो ते दाखवलं: 3 मार्च. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फेब्रुवारीत हप्ताच नाही म्हणजे त्या महिन्याच्या वसुलीत तो सदस्य दिसणारच नाही, असं ते म्हणाले. वर तीन दिवसांचं जास्तीचं व्याज. मी तिथेच मांडून बघितलं: दोन लाखांवर 12 टक्क्यांनी तीन दिवसांचं व्याज 197 रुपये होतं. रक्कम मोठी नाही, पण ती सदस्याने का भरायची याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आणि पुढचा प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यावरून मोजला जाणार, म्हणून कर्ज फिटेपर्यंत त्याची तारीख तीनच राहिली असती.

मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. 31 मार्चला, वर्षअखेरीला, त्यांच्याकडे बरीच कर्जं वाटली जातात. मंजूर झालेली प्रकरणं त्या वर्षातच बसवायची धावपळ असते. आपल्या सात दिवसांपैकी एक तोच. इतर कुठल्या दिवशी नाही पण नेमक्या त्या दिवशी कोड चुकणार आणि एप्रिलचा हप्ता उडून 1 मेवर जाणार. टेस्टच्या दृष्टीने 31 मार्च हा 365 दिवसांतला एक दिवस आहे. सोसायटीच्या दृष्टीने तो वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस असू शकतो. "सातच दिवस तर पडते" या म्हणण्यातली चूक मला तिथे, त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून, पूर्ण कळली.

"नसलेल्या दिवसाचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं," ते म्हणाले. "पंचांगात तिथीचा क्षय होतो, म्हणून श्राद्ध चुकतं का?" मला हे फार पटलं. जी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपते ती कुठल्याच दिवसाला मिळत नाही. पण पंचांग करणाऱ्यांना हे ठाऊक असतं आणि त्या दिवशीचं कृत्य कधी करायचं याचा नियम शास्त्रात आधीच लिहिलेला असतो. आमच्या कोडमध्ये तो नियम कुणी लिहिलाच नव्हता, आणि जिथे नियम नाही तिथे जावास्क्रिप्टने आपला लावला.

त्या बैठकीत दोन गोष्टी कागदावर आल्या. ज्या महिन्यात ती तारीख नाही तिथे महिन्याचा शेवटचा दिवस. आणि पुढे जिथे तारीख आहे तिथे परत मूळ तारीख, म्हणजे 31 जानेवारीच्या कर्जाला 28 फेब्रुवारी, मग 31 मार्च, मग 30 एप्रिल. ही दुसरी गोष्ट वाटते तेवढी आपोआप होत नाही. महिन्याच्या शेवटी थांबणारी पद्धत वापरली आणि दर वेळी आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवत गेलो, तर 28 फेब्रुवारीनंतर 28 मार्च येते, मग 28 एप्रिल, आणि एकतीस पुन्हा कधी येत नाही. ज्याचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात पडतो त्याच्याकडून 28 तारखेला हप्ता मागायचा म्हणजे त्याला दर महिन्याला दंडात ढकलायचं. म्हणून मोजायचं ते नेहमी कर्जाच्या मूळ तारखेपासून, कितवा हप्ता ते सांगून:

```js
function addMonths(start, n) {
  const y = start.getFullYear();
  const m = start.getMonth() + n;
  const last = new Date(y, m + 1, 0).getDate();
  return new Date(y, m, Math.min(start.getDate(), last));
}
```

`new Date(y, m + 1, 0)` म्हणजे पुढच्या महिन्याची शून्य तारीख, म्हणजेच या महिन्याचा शेवटचा दिवस. ज्या सरकण्याने आम्हाला खड्ड्यात घातलं तेच इथे उलट्या दिशेने उपयोगी पडतं.

आणि टेस्टमध्ये आजची तारीख कुठेच नाही, पण एकतीस तारखा मुद्दाम आहेत:

```js
test.each([
  ['2025-01-31', 1, '2025-02-28'],
  ['2024-01-31', 1, '2024-02-29'],
  ['2025-01-31', 2, '2025-03-31'],
  ['2025-10-31', 1, '2025-11-30'],
  ['2025-12-31', 2, '2026-02-28'],
])('%s + %i = %s', (start, n, due) => {
  expect(fmt(addMonths(parse(start), n))).toBe(due);
});
```

यातली तिसरी ओळ मला सर्वांत प्रिय आहे. बाकीच्या ओळी पास होऊनही कोड 28 तारखेला अडकून राहू शकतो. ही एकच ओळ तो अडकलेला पकडते.

`fmt` आणि `parse` आम्ही स्वतः लिहिले आणि त्यालाही कारण आहे. पहिल्या मसुद्यात तारखेचा मजकूर काढायला `toISOString()` वापरलं होतं. ते तारीख यूटीसीत लिहितं. पणजीत बसलेल्या लॅपटॉपवर 30 नोव्हेंबरची मध्यरात्र त्यातून `2025-11-29T18:30:00.000Z` अशी बाहेर येते, म्हणजे तारीख एकोणतीस. यूटीसीवरच्या सर्व्हरवर मात्र तीच टेस्ट पास. साडेपाच तासांचा तोच फरक दुसऱ्या दाराने आत आला होता. आजच्या तारखेवर चालणारी टेस्ट काढून कुठल्या गावात चालवली यावर पडणारी टेस्ट घालण्यात काय अर्थ? म्हणून वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे घेऊन आम्ही मजकूर हाताने जुळवला.

निवडक तारखा निवडणारा माणूस एखादी विसरू शकतो, याची धास्ती मला अजूनही होती. म्हणून आणखी एक टेस्ट लिहिली जी 1 जानेवारी 2024 पासून 31 डिसेंबर 2027 पर्यंतचा प्रत्येक दिवस घेते, त्यात एक महिना मिळवते आणि उत्तर लगतच्याच महिन्यात आहे ना ते बघते. लीप वर्षाचं एक पूर्ण चक्र, 1461 दिवस. कॉम्प्युटरला यात डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. खात्री म्हणून ती जुन्या कोडवर चालवली. 27 दिवस लाल. लीप वर्षाचे 6 आणि बाकी तीन वर्षांचे सात-सात. जे बघायला आम्ही चार वर्षं कॅलेंडर उलटायची वाट बघितली असती ते एका धावेत समोर आलं. नव्या कोडवर शून्य.

हे झाल्यावर आम्ही सगळ्या टेस्टमध्ये `new Date()` आणि `Date.now()` शोधले. काही ठिकाणी कोडच आतून घड्याळ बघत होता, उदाहरणार्थ थकबाकीची यादी "आज"च्या तारखेने निघते. तिथे जेस्टमध्ये, म्हणजे आमच्या टेस्ट ज्यात चालतात त्या साधनात, `jest.useFakeTimers().setSystemTime(...)` लिहून घड्याळ हव्या त्या दिवशी उभं करता येतं. मी ते शक्यतो टाळते. एक तर त्याने `setTimeout` सुद्धा थिजतं आणि वाट बघणाऱ्या टेस्ट लटकून राहतात. आणि दुसरं म्हणजे फंक्शनला तारीख बाहेरून दिली तर ते तारखेवर चालतं हे वाचणाऱ्याला त्याच्या पहिल्या ओळीतच दिसतं. थकबाकीची यादी आता `asOf` नावाची तारीख मागते. याचा एक फायदा लगेच झाला: मॅनेजरना मागच्या महिन्याच्या अखेरची यादी आज काढायची सोय हवी होती, ती वेगळं काही न करता मिळाली.

एक प्रश्न उरला आहे, 29 फेब्रुवारीचा. या दिवसाने मोठमोठ्यांना पाडलं आहे. 29 फेब्रुवारी 2012 ला मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा कोलमडली. त्यांच्या यंत्रणेत एक प्रमाणपत्र तयार व्हायचं, एका वर्षाच्या मुदतीचं, आणि मुदतीची तारीख काढताना वर्षाच्या आकड्यात फक्त एक मिळवला जायचा. 29 फेब्रुवारी 2013 असा दिवस नाही, म्हणून प्रमाणपत्रच तयार होईना. यूटीसीत दिवस उलटला त्या क्षणी हे सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.

आमच्याकडे हाच प्रश्न मुदत ठेवीचा आहे. 29 फेब्रुवारी 2028 ला एका वर्षासाठी ठेव ठेवली तर ती पिकणार कधी? `addMonths` बारा महिने मिळवून 28 फेब्रुवारी 2029 देतं. ते धरलं तर ठेव 365 दिवसांची होते, 1 मार्च धरली तर 366 दिवसांची. कर्जाचा नियम ठेवीला तसाच लावायचा का, हे मॅनेजरना एकट्याने ठरवायचं नव्हतं. ते म्हणाले, संचालक मंडळापुढे ठेवतो. तोवर मी मनाने उत्तर धरून टेस्ट लिहिलेली नाही. फाइलच्या शेवटी एक ओळ आहे, जी दर वेळी टेस्ट चालल्या की निकालात वेगळी मोजली जाते, ना हिरव्यात ना लालमध्ये:

```js
test.todo('FD opened on 29 Feb, 12 months: 28 Feb or 1 Mar?');
```